बाराव्या वेव्हला भिंत, विसाव्यानंतर झोप: टॉवर डिफेन्सचा बिघडलेला तोल कसा शोधायचा

खेळणारा एका वेव्हला अचानक हरतो, आणि ती पार केली की पुढे त्याला करायला काही उरत नाही: टॉवर डिफेन्समधला हा बिघाड मी स्वतःच्या तीन गेममध्ये दुरुस्त केला, आणि ओळखीच्यांच्या गेममध्ये किती वेळा ते आता मोजत नाही. दर वेळी तक्रार वेगळ्या शब्दांत येते, आणि दर वेळी समोरच्याने पहिला उपाय तोच केलेला असतो: शत्रूंचे एचपी कमी करणे. त्याने बारावी वेव्ह सोपी होते आणि बाकीचा गेम आणखी बिघडतो. मग माणूस पंचविसाव्या वेव्हचे एचपी वाढवतो, तिथे नवी भिंत उभी राहते, आणि हा खेळ महिनाभर चालतो.

खाली उदाहरण म्हणून एकच गेम घेतला आहे. कोल्हापूरच्या एका मित्राने गोडो इंजिनमध्ये केलेला, एकच वाट, तीस वेव्ह, तीन टॉवर: तिरंदाज, तोफ आणि बर्फ. आकडे त्याच गेमचे आहेत, फक्त वाचायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसली तर तुमचा बिघाड हाच आहे असं समजा.

- पहिल्या दहा वेव्हमध्ये एकही लाइफ जात नाही, आणि मग एकाच वेव्हमध्ये निम्म्याहून जास्त जातात.
- हरलेला माणूस "कठीण आहे" म्हणत नाही, "काय झालं कळलंच नाही" म्हणतो. हे लक्षण मी सगळ्यात वर ठेवतो.
- ती वेव्ह पार केलेल्याकडे विसाव्या वेव्हला गोल्ड पडून राहतं. शेवटच्या दहा वेव्ह तो फक्त बघत बसतो. माझ्या भाच्याने एकदा टॅबलेट टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मामा, हे आता आपलं आपणच खेळतंय, मी जेवून येऊ?" तो जेवून आला, गेम जिंकलेला होता.
- सगळे जिंकणारे एकच टॉवर बांधतात, आणि तो एकाच वळणावर.
- तुम्ही स्वतः मात्र कधीच हरत नाही. अर्थात. वेव्हची यादी तुम्हीच लिहिली आहे.

भिंत आणि झोप या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण बहुतेक वेळा मुळाशी एकच गोष्ट असते: कागदावर लिहिलेली वेव्ह आणि वाटेवर प्रत्यक्षात येणारी वेव्ह यात फरक असतो. खालच्या तपासण्या स्वस्तापासून महागापर्यंत लावल्या आहेत. क्रम मोडू नका. शेवटच्या तपासणीवर आठवडा घालवून मग पहिल्यातच चूक सापडली, असं माझं दोनदा झालं आहे.

१. एक पट आणि तीन पट वेगाने तोच गेम खेळा

दहा मिनिटांचं काम, एकही आकडा बदलायचा नाही. टॉवर ठरवून ठेवा, त्याच जागी, त्याच वेव्हला. एकदा साध्या वेगाने खेळा, एकदा तीन पट वेगाने. निसटलेल्या शत्रूंची संख्या जवळपास सारखी आली पाहिजे. तीन पटीला जास्त निसटत असतील तर तुमच्या गेममध्ये तोलाचा प्रश्न नाही, घड्याळाचा आहे, आणि तो सुटेपर्यंत पुढचं काहीही मोजण्यात अर्थ नाही.

कारण असं. गोडोमध्ये फिजिक्सचे ठोके मुळात सेकंदाला ६० असतात. `Engine.time_scale` तीनवर नेलं की ठोके तेवढेच राहतात, प्रत्येक ठोक्यातला गेमचा वेळ तिप्पट होतो. मित्राच्या गेममध्ये बाण सेकंदाला १२ टाइल जायचा. साध्या वेगात एका ठोक्यात ०.२ टाइल, तिप्पट वेगात ०.६ टाइल. शत्रूची रुंदी अर्धी टाइल. म्हणजे बाण एका ठोक्यात शत्रूच्या अलीकडे आणि दुसऱ्या ठोक्यात पलीकडे, मध्ये लागलाच नाही. खेळणारे लोक पहिल्या पाच मिनिटांत वेग वाढवतात आणि परत कमी करत नाहीत, त्यामुळे सगळ्या तक्रारी तिप्पट वेगाच्या होत्या आणि सगळी चाचणी साध्या वेगाची.

उपाय सोपा आहे. वेग वाढवताना `Engine.physics_ticks_per_second` पण त्याच पटीत वाढवा, किंवा बाण ठरलेल्या शत्रूला लागतोच असं धरून डॅमेज वेळेवर लावा आणि बाण फक्त दिसण्यापुरता ठेवा. बहुतेक टॉवर डिफेन्सला दुसरा मार्ग पुरतो. हे दोन्ही करूनही फरक राहिला तर इथे थांबा आणि इंजिन आतून माहीत असलेल्या प्रोग्रामरला दाखवा. तोलाचे आकडे हलवून ही चूक झाकता येते, दुरुस्त होत नाही.

२. प्रत्येक वेव्हची एक ओळ छापा

हेही फुकटच. वेव्ह संपली की कन्सोलमध्ये एक ओळ पडली पाहिजे. मी पाचच आकडे घेतो:

```
wave=11 hp=600 alive_at_next=7 gold=140 leak=0
wave=12 hp=440 alive_at_next=0 gold=95  leak=6
```

`hp` म्हणजे त्या वेव्हमधल्या सगळ्या शत्रूंच्या एचपीची बेरीज. `gold` मिळालेलं, `leak` निसटलेले. खरा उपयोगाचा आकडा मधला आहे: पुढची वेव्ह सुटली तेव्हा आधीच्या वेव्हचे किती शत्रू वाटेवर जिवंत होते.

वरच्या दोन ओळी नीट बघा. अकराव्या वेव्हचे एचपी ६००, एकही निसटला नाही. बाराव्याचे ४४०, सहा निसटले. मित्र बाराव्या वेव्हचे एचपी तीनदा कमी करून बसला होता आणि वैतागला होता. "अरे, अजून किती कमी करू? आता हे फुंकर मारली तरी मरतील." ते मरतही होते, जेव्हा ती वेव्ह एकटी सोडली तेव्हा. गुन्हेगार अकरावी वेव्ह होती, आणि ती शून्य `leak` दाखवून साळसूदपणे बसली होती.

३. वेव्ह एकमेकींवर चढतात का ते कागदावर काढा

या तपासणीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण निम्म्याहून जास्त भिंती इथेच सापडल्या आहेत. लागतं काय, तर वही आणि पेन.

मित्राची वाट ३० टाइल लांब. साधा सैनिक सेकंदाला १.५ टाइल चालतो, म्हणजे २० सेकंदांत पार. धावक २.५ टाइल, १२ सेकंद. चिलखती पाऊण टाइल, ४० सेकंद. पुढची वेव्ह मात्र नेहमीच ३० सेकंदांनी सुटायची, कोणीही वाटेवर असो. पहिल्या नऊ वेव्ह सैनिकांच्या होत्या. बारा सैनिक एकेका सेकंदाने सोडले तर शेवटचा ११व्या सेकंदाला निघतो आणि ३१व्याला पोचतो. तीस सेकंदांचा टायमर बरोबर बसतो. नऊ वेव्ह चाचणी करून टायमर पक्का झाला, आणि मग नवा शत्रू आला तेव्हा त्याच्याकडे कोणी परत पाहिलं नाही.

अकराव्या वेव्हला दहा चिलखती, दीड-दीड सेकंदाच्या अंतराने. शेवटचा १३.५ सेकंदाला निघतो. ३० सेकंदांनी बारावी वेव्ह सुटते तेव्हा तो जेमतेम बाराव्या टाइलवर असतो. आणि बाराव्या वेव्हच्या तोंडाशी आहेत आठ धावक.

आता मुख्य वळण पाहा. बहुतेक लोक टॉवर तिथेच बांधतात, त्याची रेंज टाइल १४ ते २०. धावक ते अंतर २.४ सेकंदांत पार करतो. टॉवर मुळात सगळ्यात पुढच्या शत्रूवर नेम धरतो. धावक चौदाव्या टाइलवर येतो तेव्हा त्याच्या पुढे, रेंजमध्येच, शेवटचे दोन-तीन चिलखती रांगत असतात. टॉवर त्यांच्याकडे बघत राहतो. धावक शेवटच्या चिलखत्याला अठराव्या टाइलच्या आसपास गाठतो, त्याच्या पुढच्याला साधारण एकोणिसाव्या-विसाव्यावर. म्हणजे धावक "सगळ्यात पुढचा" होतो तेव्हा रेंज संपत आलेली असते. पहिल्या सहा धावकांचा हिशेब मांडला तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला पाव-एक सेकंद नेम आला. तिरंदाज सेकंदाला एक बाण मारतो. सहा धावक जवळपास न ओरखडता निघून गेले. मागचे दोन मेले, कारण तोवर चिलखती रेंजबाहेर गेले होते. दहातल्या सहा लाइफ गेल्या, आणि एचपी कितीही कमी केले असते तरी जाणारच होत्या. ज्याच्यावर बाणच सुटत नाही त्याचे एचपी कितीही असोत.

पडद्यावर मात्र खेळणाऱ्याला काय दिसतं? टॉवर सतत बाण मारतायत, कोणीतरी मरतंय, आणि लाइफ जातायत. "काय झालं कळलंच नाही" हे इथून येतं.

उपाय तीन आहेत, मी याच क्रमाने करून पाहतो. एक, हळू शत्रूंच्या वेव्हनंतर लगेच धावकांची वेव्ह ठेवू नका. बारा आणि तेरा अदलाबदल केल्या तरी त्या दिवसापुरतं भागतं. दोन, टायमर ठरावीक न ठेवता वेव्हवरून काढा. शेवटचा शत्रू निघायला लागणारा वेळ, अधिक सगळ्यात हळू शत्रूला मुख्य वळणापर्यंत पोचायला लागणारा वेळ. मी वाटेचा ६० टक्के भाग धरतो. इथे १३.५ अधिक ४० चे ६० टक्के म्हणजे २४, एकूण ३७.५ सेकंद. तेव्हा शेवटचा चिलखती अठराव्या टाइलवर असतो आणि धावक चौदाव्यावर यायच्या आत वळणाबाहेर जातो. साडेसात सेकंदांचा फरक, एवढंच. तीन, आधीच्या वेव्हचे बहुतेक एचपी संपले की पुढची सोडा, आणि वर एक कमाल वेळ ठेवा, म्हणजे एखादा अडकलेला शत्रू गेम थांबवून ठेवणार नाही.

दुसऱ्या उपायाने सुरुवातीच्या वेव्ह कंटाळवाण्या होतील अशी भीती असते. त्यावर जुना इलाज आहे: वेव्ह लवकर बोलावण्याचं बटण आणि त्याबद्दल थोडं गोल्ड. किंगडम रश याच बटणावर चांगला चालतो. वाचवलेल्या प्रत्येक सेकंदाला एक गोल्ड, यापेक्षा जास्त देऊ नका. जास्त दिलंत तर चांगला खेळणारा आणखी श्रीमंत होतो, आणि झोपेची तक्रार वाढते.

एक जपायचं. वेव्ह एकमेकींवर चढणं हा स्वतः दोष नाही. चिलखत्यांच्या आडून धावक पळवणं ही छान चाल आहे, पण ती तुम्ही ठरवून केलेली असावी, विसाव्या वेव्हनंतर यावी, आणि टॉवरचा नेम बदलण्याचं बटण खेळणाऱ्याला त्याआधी मिळालेलं असावं.

४. एचपी खरे किती, ते टॉवरच्या बाजूने मोजा

टायमर सुधारल्यावरही अकरावी वेव्ह जड वाटत असेल तर चिलखत बघा. या गेममध्ये चिलखत प्रत्येक फटक्यातून ६ वजा करायचं. तिरंदाजाचा बाण १० चा, सेकंदाला एक. तोफेचा गोळा ४० चा, चार सेकंदांना एक. दोघांच्याही कार्डावर "सेकंदाला १० डॅमेज" असं लिहिलेलं.

चिलखत्यावर मात्र बाणाचे ४ उरतात आणि गोळ्याचे ३४. त्याचे ६० एचपी तिरंदाजासाठी १५० झाले, तोफेसाठी साधारण ७१. म्हणजे लॉगमधली ६०० ची वेव्ह फक्त तिरंदाज बांधणाऱ्यासाठी १५०० ची होती. दहाव्या वेव्हपर्यंत चिलखत कुठेच नव्हतं, तेव्हा फक्त तिरंदाज बांधणं हा शहाणपणाच होता. गेमने आधी शिकवलं आणि मग त्याचीच शिक्षा दिली.

लॉगमध्ये आणखी एक रकाना घाला: त्या वेव्हचे एचपी प्रत्येक टॉवरच्या हिशेबाने. दोन टॉवरमध्ये दुपटीहून जास्त फरक निघाला तर तो शत्रू दोन वेव्ह आधी एकटादुकटा दाखवायला हवा. नवव्या वेव्हच्या शेवटी एकच चिलखती सोडा. तो बाण खात खात आरामात चालत जातो, खेळणारा पुढे वाकून बघतो, आणि तोफ बांधतो. एक लाइफ गेली तरी चालेल, तेवढी फी रास्त आहे.

अपग्रेडमध्येही हीच खोच आहे. तिरंदाजाला "डॅमेज दुप्पट" आणि "वेग दुप्पट" अशी दोन अपग्रेड सारख्या किमतीत होती. साध्या सैनिकावर दोन्ही सारखी. चिलखत्यावर २० चा बाण १४ देतो, तर १० चे दोन बाण मिळून ८. ही निवड मुद्दाम ठेवली असेल तर उत्तम, पण मग कार्डावर चिलखताचा उल्लेख हवा. लोकांना गणित येत नाही असं नाही, त्यांना वजाबाकी आहे हेच माहीत नसतं.

आणि तोफेची किंमत बदलण्याआधी शत्रूंमधलं अंतर मोजा. गोळ्याचा स्फोट पडल्या जागेपासून सगळीकडे एक टाइलभर पसरतो. सैनिक एका सेकंदाने सोडले तर दोघांत दीड टाइल अंतर, गोळा एकालाच लागतो. अर्ध्या सेकंदाने सोडले तर पाऊण टाइल, आणि मधल्यावर पडलेला गोळा तिघांना लागतो. तोफेचा आकडा न हलवता ती तिप्पट झाली. तोफ कोणी बांधत नाही म्हणून मित्राने ती स्वस्त केली होती. पुढे एका दाट वेव्हला तीच स्वस्त तोफ सगळं साफ करायला लागली, तेव्हा त्याने ती परत महाग केली. दोष तोफेचा नव्हताच.

५. अपग्रेडची किंमत डॅमेजला भागा

आता झोपेकडे. प्रत्येक पायरीला किती गोल्ड देऊन सेकंदाला किती *जादा* डॅमेज मिळतं, एवढाच भागाकार. तिरंदाज ५० गोल्डला, डॅमेज १०: एका डॅमेजला ५ गोल्ड. दुसरी पायरी ६० गोल्डला, डॅमेज २०, जादा १०: एकाला ६. तिसरी ७० गोल्डला, डॅमेज ४०, जादा २०: एकाला साडेतीन.

तिसरी पायरी नव्या टॉवरपेक्षाही स्वस्त. किंमत ५०, ६०, ७० अशी नीट चढते, डॅमेज १०, २०, ४० असं नीट दुप्पट होतं, दोन्ही रकाने वेगवेगळे बघितले तर सुरेख दिसतात. एकमेकांना भागेपर्यंत चूक दिसत नाही. ज्याने बारावी वेव्ह कशीतरी पार करून तिसरी पायरी गाठली, त्याच्यासाठी पुढचा गेम संपला.

वरची पायरी दर डॅमेजला थोडी महागच हवी, कारण अपग्रेडने जागा वाचते आणि वळणावरची जागा मोजकी असते. किती महाग? मी आधीच्या पायरीपेक्षा १५ ते २५ टक्के धरतो. इथे तिसरी पायरी १४० गोल्डला नेली, एका डॅमेजला ७. ५, ६, ७. तुमच्या नकाशावर चांगल्या जागा भरपूर असतील तर फरक कमी ठेवा, नाहीतर कोणी अपग्रेड घेणारच नाही आणि पडदा टॉवरांनी भरून जाईल.

६. वाढीचे दर समोरासमोर ठेवा

इथपर्यंत सगळं करूनही शेवट झोपाळू असेल तर दोष वाढीच्या दरात आहे. मी स्वतः इथे दोन गेम वाया घालवले, म्हणून थोडं सविस्तर.

सरळ विचार असा असतो: शत्रूंचे एचपी दर वेव्हला १५ टक्के वाढतात, तर मिळणारं गोल्डही १५ टक्के वाढवू, तोल राहील. राहत नाही. कारण टॉवर हा खर्च नाही, तो घेतलेला ऐवज आहे. तिसऱ्या वेव्हला बांधलेला तिरंदाज विसाव्या वेव्हलाही बाण मारतोच. शत्रू मात्र त्या त्या वेव्हचेच येतात. एका बाजूला आजवरच्या सगळ्या कमाईची बेरीज, दुसऱ्या बाजूला फक्त आजची वेव्ह.

हे चालवून बघा:

```python
gold = 0
for n in range(1, 31):
    gold += 1.15 ** (n - 1)
    hp = 1.15 ** (n - 1)
    print(n, round(gold / hp, 2))
```

पहिल्या वेव्हला हे गुणोत्तर १, दहाव्याला ५.७७, विसाव्याला ७.२, तिसाव्याला ७.५५. म्हणजे दोन्ही दर सारखे ठेवल्यावर गेम दर वेव्हला सोपा होत जातो. आता `gold` च्या ओळीत १.१५ च्या जागी १.०९ घाला. दहाव्याला ४.३२, विसाव्याला ३.५९, तिसाव्याला २.३७. दहा-बाराव्या वेव्हच्या आसपास खेळणारा सगळ्यात बलवान, आणि तिथून गेम हळूहळू आवळत जातो. मला हा आकार आवडतो. सुरुवातीला हात मोकळा, मध्ये थोडी फुशारकी, शेवटी घाम.

हे कच्चं चित्र आहे. यात सुरुवातीचं गोल्ड नाही, अपग्रेडची चढती किंमत नाही, बर्फाचा टॉवर नाही. दर ठरवायला पुरतं, नेमके आकडे ठरवायला नाही. अपग्रेड महाग केली असतील तर १.०९ फार कंजूष ठरेल, तेव्हा १.११ पासून खाली या. ब्लून्स टीडी ६ मध्येही ५० व्या फेरीनंतर दर फुग्यामागे मिळणारा पैसा कमी होत जातो, त्यामागचा प्रश्न हाच.

गेममध्ये साठवलेल्या गोल्डवर व्याज असेल तर आधी ते बंद करून मोजा. दहा टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेही चक्रवाढच आहे, आणि ते फक्त ज्याला गोल्ड साठवणं परवडतं त्यालाच मिळतं. ठेवायचंच असेल तर वर मर्यादा घाला, उदाहरणार्थ वेव्हला जास्तीत जास्त ३० गोल्ड.

७. बॉट, सगळ्यात शेवटी

यात दोन-तीन दिवस जातात, म्हणून शेवटी. गेम चित्राशिवाय चालवता आला पाहिजे. गोडोमध्ये `--headless` देऊन ते होतं. तीन बावळट बॉट लिहा: एक फक्त तिरंदाज बांधणारा, एक फक्त तोफ, एक आलटून पालटून दोन्ही. हातात गोल्ड आलं की ठरलेल्या जागांच्या यादीतून पुढची जागा घ्यायची, जागा संपल्या की अपग्रेड. रात्रभर चालू ठेवा आणि सकाळी बघा कोण कुठे मेलं.

मला हवं असतं ते असं: एकच टॉवर बांधणारे दोघे पंधराव्या ते बाविसाव्या वेव्हच्या मध्ये मरावेत, मिश्र बॉट पंचविशीपर्यंत जावा, आणि तीस कोणीच पार करू नयेत. बावळट बॉट जिंकत असेल तर माणूस झोपेल. एकच टॉवरवाला मिश्रच्या पुढे गेला तर परत चौथ्या तपासणीकडे.

बॉटच्या मर्यादा ध्यानात ठेवा. तो घाबरत नाही, चुकीच्या जागी बोट ठेवत नाही, चहा आणायला उठत नाही. एका वेळी एकच आकडा बदलून चालवा, नाहीतर कशाने काय झालं ते सांगता येणार नाही.

कुठे थांबायचं, कोणाला बोलवायचं

- वेगाप्रमाणे निकाल बदलत असेल आणि पहिल्या तपासणीतल्या दोन्ही उपायांनी जात नसेल: इंजिनचा प्रोग्रामर. आठवडा वाया घालवू नका.
- गेममध्ये खऱ्या पैशांनी गोल्ड विकणार असाल: गेमच्या अर्थकारणाचं काम केलेला डिझायनर, आणि तोही आकडे गोठवण्याआधी. वरची सगळी पद्धत खेळणारा विकत काही घेत नाही असं धरून आहे. विक्री आली की भिंत कोणाच्या फायद्याची आहे हा वेगळाच प्रश्न होतो, आणि लहान मुलं खेळणार असतील तर कायद्याचाही.
- दोघांनी एकमेकांविरुद्ध खेळायचा गेम असेल: हे इथल्या हिशेबाने होणार नाही. त्याला अनुभवी माणूस लागतो.
- लॉग सुरळीत, बॉट हवे तिथे मरतायत, तरी माणसं सातव्या वेव्हला सोडून जातात: आकडे सोडा. गेम कधीच न पाहिलेल्या पाच जणांना शेजारी बसवा, तोंड बंद ठेवा आणि त्यांचं बोट बघा. बहुतेक वेळा त्यांना अपग्रेडचं बटण सापडलेलं नसतं.

मित्राच्या गेममध्ये शेवटी चार गोष्टी बदलल्या: वेव्हवरून काढलेला टायमर, नवव्या वेव्हला एकटा चिलखती, तिसरी पायरी १४० गोल्डला, आणि गोल्डची वाढ १.१५ वरून १.१०. बाराव्या वेव्हचे एचपी त्याने आधी जे तीनदा कमी केले होते ते मूळ आकड्यावर परत नेले. पुढच्या बिल्डमध्ये अकराव्या वेव्हचा `alive_at_next` सातवरून दोनवर आला आणि बाराव्याला एक धावक निसटला. आता त्याची तक्रार बाविसाव्या वेव्हची आहे, उडणाऱ्या शत्रूंची. त्यांना वळणच नाही, ते सरळ येतात, त्यामुळे वरचा ६० टक्क्यांचा हिशेब तिथे लागू पडत नाही. लॉग मागवला आहे.